दहा जणांचं काम, वीस जणांचं रोस्टर

सोमवारी सकाळी साडेदहाची वेळ. पुण्यातल्या एखाद्या विमा कंपनीच्या हेल्पलाइनचा फ्लोअर डोळ्यांसमोर आणा. साडेदहा ते अकरा या अर्ध्या तासात तिथे साधारण १०० फोन येतात, हे मागच्या काही महिन्यांच्या नोंदींवरून ठाऊक झालेलं आहे. एका फोनला सरासरी तीन मिनिटं लागतात. आणि वरून आलेला हुकूम असा, की शंभरातल्या ऐंशी जणांचा फोन २० सेकंदांच्या आत उचलला गेलाच पाहिजे. तर मग हेडसेट लावून किती माणसं बसवायची?

शाळेत काळ-काम-वेगाची गणितं सोडवलेला कुणीही लगेच पेन्सिल उचलेल. शंभर फोन, प्रत्येकी तीन मिनिटं, म्हणजे ३०० मिनिटांचं काम. एक माणूस अर्ध्या तासात ३० मिनिटं बोलू शकतो. तीनशे भागिले तीस, उत्तर दहा. गणित चोख आहे, पण दहा माणसं बसवली तर अकरा वाजेपर्यंत रांग हाताबाहेर गेलेली असेल.

कारण फोन काही ओळीत उभे राहून येत नाहीत. अर्ध्या तासात शंभर म्हणजे मिनिटाला सरासरी तीन-सव्वातीन. पण फोन करणारे एकमेकांना विचारून फोन करत नाहीत. हिशेब केला तर तीस मिनिटांपैकी एखाद्या मिनिटात एकही फोन येत नाही आणि तीन-चार मिनिटं अशी निघतात, की एकेका मिनिटात सहा किंवा त्याहून जास्त फोन येऊन आदळतात. रिकाम्या मिनिटात दहा जणांचा जो वेळ वाया गेला, तो पुढच्या गर्दीच्या मिनिटासाठी शिल्लक टाकता येत नाही. गर्दीत साठलेली रांग मात्र पुढच्या मिनिटाच्या डोक्यावर बसते. वेळ बुडतो, रांग साठते. दहा माणसांना दहा माणसांचंच काम दिलं तर साठलेलं उपसायला कुणाचाच हात मोकळा राहत नाही.

हे कोडं कॉल सेंटरपेक्षा कितीतरी जुनं आहे. आग्नेर क्रारुप एर्लांग हा डॅनिश गणिती १९०८ मध्ये कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत नोकरीला लागला. तेव्हा एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर हातानं तारा जोडून द्यायचे आणि किती तारा, किती ऑपरेटर ठेवावेत हा कंपनीपुढचा रोजचा, पैशाचा प्रश्न होता. फोन कसेही, केव्हाही येत असले तरी त्या बेशिस्तीलाही एक नियम असतो, हे एर्लांगनं १९०९ च्या लेखात दाखवलं. १९१७ मध्ये त्यानं रांगेत किती थांबावं लागेल याचं सूत्र मांडलं. ‘एर्लांग सी’ या नावानं ते आजही चालतं. कॉल सेंटरमध्ये माणसांचं नियोजन करणारी डब्ल्यूएफएम टीम सॉफ्टवेअरचं बटण दाबते, तेव्हा आत बहुतेकदा हेच सूत्र किंवा त्याचं एखादं भावंडं फिरत असतं. कामाच्या भाराच्या एककालाही त्याचंच नाव मिळालं. आपले ते ‘दहा’ म्हणजे दहा एर्लांग.

सूत्राच्या पोटात शिरायची गरज नाही, ते बोलतं काय एवढं ऐकू. भार दहा एर्लांगचा असताना अकरा माणसं बसवली, तर २० सेकंदांत उत्तर मिळणारे फक्त ३९ टक्के आणि सरासरी थांबणं दोन मिनिटांचं. बारावा माणूस आला की टक्केवारी एकदम ६४ वर जाते आणि थांबणं ४० सेकंदांवर येतं. तेरा जणांत ७९.६ टक्के, १७ सेकंद. चौदा जणांत जवळपास ८९ टक्के, आठ सेकंद.

बाराव्या माणसानं ऐंशी-एक सेकंद वाचवले, चौदाव्यानं जेमतेम नऊ. म्हणजे पहिली जादा माणसं सोन्याच्या मोलाची आणि पुढची हळूहळू स्वस्त होत जाणारी. उलट बाजूनं पाहिलं तर मात्र अंगावर काटा येतो: बारा जणांपैकी एकानं अचानक दांडी मारली, तर थांबण्याचा वेळ थेट तिप्पट. कॉल सेंटरमध्ये ‘एकच तर माणूस कमी आहे’ हे वाक्य गर्दीच्या वेळी कुणी म्हणू नये.

आता तेरा की चौदा? ७९.६ म्हणजे ऐंशीच की, असं म्हणून तेरावर सही करण्याचा मोह मोठा असतो. पण तेरातला एक जण पाणी प्यायला उठला तर खुर्च्यांवर बारा उरतात, आणि बाराचा आकडा ६४ आहे. म्हणून चौदा. आणखी एक गंमत म्हणजे लक्ष्य वेगळ्या शब्दांत मांडलं तरी उत्तर फारसं हलत नाही. ट्रायनं दूरसंचार कंपन्यांच्या ग्राहक सेवेसाठी ९० सेकंदांत ९५ टक्के फोन उचलण्याचा मापदंड घातला. ऐकायला तो ‘२० सेकंदांत ८०’पेक्षा बराच सैल वाटतो. आपल्या हेल्पलाइनला तो लावून पाहिला तर तेरा जणांत ९३.६ टक्के भरतात आणि पंचाण्णव गाठायला पुन्हा चौदाच लागतात.

चौदा जण आणि दहा जणांचं काम, याचा सरळ अर्थ असा की प्रत्येक जण अर्ध्या तासातली साडेआठ मिनिटं नुसता पुढच्या फोनची वाट पाहत बसलेला असतो. ऑक्युपन्सी ७१ टक्के. काचेच्या केबिनमधून फ्लोअरकडे पाहणाऱ्या मॅनेजरला हे बघवत नाही. तीन-चार जण ‘अव्हेलेबल’ दिसले की त्यातल्या दोघांना ट्रेनिंगला किंवा ईमेलच्या कामाला पिटाळलं जातं, आणि पाच मिनिटांत भिंतीवरच्या स्क्रीनवर रांगेचा आकडा लाल होतो. ते दोघं रिकामे नव्हते. २० सेकंदांचं वचन त्यांच्याच बसून राहण्यावर उभं होतं.

तीन मिनिटांच्या सरासरीलाही, म्हणजे एएचटीलाही, तितकंच जपावं लागतं. तिच्यात नुसतं बोलणं मोजून भागत नाही. ग्राहकाला होल्डवर ठेवलेला वेळ आणि फोन ठेवल्यावर नोंद टाइप करण्यात गेलेला वेळही त्यातच येतो, कारण तोवर तो माणूस पुढचा फोन घेऊ शकत नाही. समजा आयटी विभागानं एका शुक्रवारी स्क्रीनवर दोन नवे रकाने वाढवले आणि प्रत्येक फोनमागे २० सेकंद जादा लागू लागले. १८० चे २०० झाले, एवढंच. पण भार दहावरून ११.१ एर्लांगवर गेला, आणि तेच चौदा जण ८९ टक्क्यांवरून ७६ वर घसरले. सोमवारी टीम लीडर पोरांवर डाफरत असतो आणि दोष त्या रकान्यांचा असतो.

चौदा हा आकडा खुर्चीवर बसून हेडसेट लावलेल्या माणसांचा आहे. रोस्टरवर किती नावं लिहायची हे अजून ठरायचं आहे. रजा, आजारपण, जेवण, चहा, मीटिंग, ट्रेनिंग, गाडी उशिरा आली म्हणून बुडालेली पंधरा मिनिटं, या सगळ्या गळतीला या धंद्यात श्रिंकेज म्हणतात. पगारी वेळेतला ३० टक्के असा गेला असं धरू. इथे एक चूक इतक्या वेळा होते की थांबून सांगायला हवं. चौदाचे तीस टक्के काढून ते चौदात मिळवले की १८.२ येतात, आणि नियोजक एकोणीस लिहून मोकळा होतो. पण एकोणीस नावांतून ३० टक्के गळाले की खुर्चीवर उरतात १३.३. गळती पूर्ण रोस्टरमधून होते, म्हणून चौदाला ०.७ नं भागायचं. उत्तर येतं वीस.

हा सगळा हिशेब एका अर्ध्या तासाचा झाला. दिवसभराच्या प्रत्येक अर्ध्या तासासाठी तो पुन्हा मांडावा लागतो आणि मग शिफ्टा त्या चढउतारावर बेतायच्या. दिवसाची एकच सरासरी धरणारे इथेच फसतात. दुपारी तीनला ९९ टक्के आणि सकाळी साडेदहाला ४० टक्के मिळून महिन्याचा अहवाल छान हिरवा दिसू शकतो. साडेदहाला फोन केलेल्या माणसाला त्या हिरव्या रंगाचा काही उपयोग नसतो.

एर्लांगच्या सूत्राचा स्वतःचाही एक भोळेपणा आहे. रांगेतला माणूस कितीही वेळ थांबेल, फोन ठेवणारच नाही, असं ते धरून चालतं. प्रत्यक्षात लोक संगीत ऐकून कंटाळतात आणि फोन ठेवतात. त्यामुळे माणसं कमी असताना सूत्र जितकं भयंकर चित्र रंगवतं, तितकं घडत नाही. स्वीडनच्या कॉनी पाल्म यानं १९४० च्या दशकात हा कंटाळा गणितात आणला.

या ठेवून दिलेल्या फोनांनी बिघडतो तो पुढच्या महिन्याचा अंदाज. समजा अकराच जण बसवले आणि शंभरातले पंधरा जण कंटाळून गेले. नोंदीतून फक्त उचललेले फोन घेतले तर ‘सोमवारी साडेदहाला ८५’ असा आकडा निघतो. पुढचं रोस्टर त्या ८५ वर बेतलं जातं, माणसं आणखी कमी होतात, आणखी लोक फोन ठेवतात. म्हणून मोजायचे ते आलेले फोन. तेही डोळे झाकून नाही, कारण कंटाळलेला माणूस दहा मिनिटांनी पुन्हा फोन लावतो आणि एकाच माणसाचे तीन फोन नोंदले जातात. अर्ध्या तासात एकाच नंबरवरून वारंवार फोन दिसू लागले, तर मागणी वाढलेली नसून रांगच स्वतःला फुगवते आहे, असं समजावं.

आणि मग येते भाषा. आपल्या हेल्पलाइनचे निम्मे फोन मराठीतून, निम्मे हिंदीतून येतात असं धरू. मराठीसाठी एक दाबा, हिंदीसाठी दोन दाबा. दोन वेगळे गट केले तर प्रत्येक गटाकडे ५० फोन, पाच एर्लांगचा भार. चौदाचे निम्मे म्हणून सात-सात बसवले तर दोन्हीकडे ७४ टक्केच भरतात. ऐंशी ओलांडायला आठ-आठ लागतात, म्हणजे एकूण सोळा. कारण मराठीच्या रांगेत सहा जण ताटकळत असताना हिंदी गटातले दोघं मोकळे बसलेले असतात, आणि त्या मोकळेपणाचा रांगेतल्यांना काडीचाही फायदा नाही. पुण्यात दोन्ही भाषा सफाईनं बोलणारी मुलं शोधायला लांब जावं लागत नाही. सगळे तसे मिळाले तर रांग एक होते आणि पुन्हा चौदात भागतं. गळतीसकट रोस्टरवर बोलायचं तर तेवीस नावांची वीस होतात.