ऑफर लेटर आल्यावर, सही करण्याआधी

आपल्या घरांमधून पगाराबद्दल घासाघीस करायची सवय नाही, आणि त्याला कारण आहे. इंदूरमधल्या माझ्या वडिलांच्या पिढीतले बहुतेक जण बँकेत, शाळेत, नाहीतर सरकारी खात्यात नोकरीला होते. तिथे पगार श्रेणीप्रमाणे ठरायचा आणि वाढायचा तो करार झाला की सगळ्यांचाच. मागायची वेळच येत नसे. त्यामुळे मी नव्या कंपनीला जास्त पगार मागणार आहे म्हटल्यावर बाबांनी पहिला प्रश्न विचारला, "अरे, दिलेलं पत्र परत घेतलं तर?"

प्रश्न रास्त होता. पण खासगी कंपनीत पगार श्रेणीतून येत नाही, पट्ट्यातून येतो. एका पदासाठी कंपनीने किमान आणि कमाल आकडा आधीच ठरवलेला असतो आणि पहिली ऑफर सहसा कमाल आकड्याच्या खालीच असते. उमेदवार एकदा मागेल हे एचआरवाल्यांनी गृहीत धरलेलं असतं. सभ्य शब्दांत, कारण देऊन, एकदाच मागितलं म्हणून ऑफर गेली असं सहसा होत नाही. बिघडतं ते एक मान्य झालं की दुसरं, ते झालं की तिसरं, असं रोज नवं काही काढलं की. म्हणून मागायचं ते सगळं आधी कागदावर लिहून काढायचं आणि एकत्र मांडायचं.

माझंच उदाहरण घेतो. गेल्या वेळी नोकरी बदलली तेव्हा माझी सीटीसी १४ लाख होती आणि पुण्याच्या एका कंपनीने १८ लाखांची ऑफर दिली. वरवर पाहता ४ लाखांची वाढ. पण सीटीसी म्हणजे पगार नव्हे, तो कंपनीचा तुमच्यावर होणारा वर्षाचा एकूण खर्च. म्हणून मी आधी एचआरकडून तिची फोड मागवली. ती अशी होती: व्हेरिएबल १ लाख ८० हजार, कंपनीच्या वाट्याचा पीएफ ९० हजार, ग्रॅच्युइटी ३६ हजार आणि विम्याचा हप्ता १४ हजार. हे ३ लाख २० हजार वजा केल्यावर दर महिन्याला मिळणाऱ्या ठरलेल्या पगाराचे वर्षाला १४ लाख ८० हजार उरत होते.

जुन्या नोकरीत व्हेरिएबल नव्हतं, ग्रॅच्युइटी सीटीसीत धरलेली नव्हती आणि कंपनीचा पीएफ महिना १,८०० रुपयांवर थांबवलेला होता. तिथे पीएफ आणि विम्याचे मिळून ३० हजार गेले की १३ लाख ७० हजार ठरलेला पगार होता. म्हणजे ४ लाखांच्या वाढीतले १ लाख १० हजारच दर महिन्याच्या हिशेबात येणार होते. पीएफ बुडत नाही, तो आपलाच पैसा आहे. पण व्हेरिएबल कंपनीच्या आणि आपल्या कामगिरीवर अवलंबून, आणि ग्रॅच्युइटी साधारणपणे सलग पाच वर्षं टिकलं तरच हातात येते. वर पुण्यात घर घेऊन राहायचं ठरवलं असतं तर मी धरलेलं भाडंच महिना ३० हजार होतं. पगार वाढून घरखर्चाला पैसे कमी, असा हिशेब झाला असता.

म्हणून सीटीसीचा गोल आकडा मागण्याऐवजी मी ठरलेला पगार मागितला. "व्हेरिएबल सोडून वर्षाला १७ लाख अपेक्षित आहेत," असं लिहिलं आणि दोन कारणं दिली. एक, सध्याच्या नोकरीत माझा सगळा पगार ठरलेला आहे, इथे मोठा भाग अनिश्चित होतो आहे. दुसरं, मुलाखतीत ज्या कामाबद्दल सर्वात जास्त विचारलं गेलं, जुनी पेमेंट यंत्रणा बंद न पाडता नव्यावर नेणं, ते मी आधी दोनदा केलेलं आहे. घराचे हप्ते, मुलांची फी ही कारणं लिहिली नाहीत. ती खरी असली तरी एचआरला ती पुढे मंजुरीसाठी पाठवता येत नाहीत, कामाचा अनुभव पाठवता येतो.

उत्तर चार दिवसांनी आलं. पदाची कमाल मर्यादा १९ लाख होती, त्यावर जाता येणार नव्हतं. तेव्हा मी विचारलं, व्हेरिएबलमधून काही भाग ठरलेल्या पगारात घेता येईल का? ते जमलं. सीटीसी १९ लाख झाली आणि व्हेरिएबल १ लाखावर आलं. बेसिक तेवढंच राहिल्याने पीएफ आणि ग्रॅच्युइटी बदलली नाही. ठरलेला पगार १४ लाख ८० हजारांवरून १६ लाख ६० हजार झाला. सीटीसी एकाच लाखाने वाढली, पण महिन्याला, कर कापण्याआधी, १५ हजारांचा फरक पडला.

दुसरी मागणी तारखेची होती. माझा नोटीस पीरियड ९० दिवसांचा आणि ऑफरमध्ये रुजू होण्यासाठी ४५ दिवस दिलेले. त्यातच आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलेलं होतं. एचआरने सुचवलं की उरलेल्या ४५ दिवसांचे पैसे भरून मोकळे व्हा, आम्ही ते परत देऊ. जुन्या कंपनीच्या नियमाप्रमाणे ही रक्कम बेसिकवर धरली जायची, म्हणजे माझे सुमारे ७० हजार कापले गेले असते. नव्या कंपनीने ते दिले तरी ते पगारात धरले जातात, त्यावर कर कापला जातो. शिवाय वर्षाच्या आत नोकरी सोडली तर ते परत करायची अट होती. आणि मुदतीआधी सोडायचं की नाही हे शेवटी जुनी कंपनी ठरवते, पैसे भरायची तयारी असली तरीही.

मग मी होणाऱ्या मॅनेजरना फोन करून विचारलं, "सर, या तारखेला नेमकं कोणतं काम सुरू होणार आहे?" ते म्हणाले, क्लायंटचं काम तर तीन महिन्यांनी सुरू होतंय. ४५ दिवस ही एचआरच्या फॉर्ममधली ठरीव मुदत होती. मी ८५ व्या दिवसाची तारीख मागितली. जुन्या कंपनीने शिल्लक रजेतले १५ दिवस नोटीसमध्ये धरून ७५ व्या दिवशी सोडायचं ईमेलवर मान्य केलं आणि मधले दहा दिवस मला ऑपरेशनसाठी मिळाले. जुन्या नोकरीतून रीतसर सुटायच्या आधी नव्या ठिकाणी रुजू व्हायचा मोह मात्र कोणी करू नये. दोन्हीकडचा पीएफ एकाच यूएएनखाली दिसतो आणि दोन नोकऱ्यांच्या तारखा एकमेकींवर आल्या की पार्श्वभूमी तपासणीत त्याचं स्पष्टीकरण द्यावं लागतं.

तिसरी मागणी घरून कामाची. कंपनीचा नियम आठवड्यातून तीन दिवस ऑफिसचा होता. इंदूरहून पुण्याला दर आठवड्याला ये-जा शक्य नाही, म्हणून मी आठवड्याचा हिशेब सोडून महिन्याचा मांडला: महिन्यातला एक पूर्ण आठवडा पुण्यात, बाकी इंदूरहून. ही मागणी एचआरकडे करून फारसा उपयोग नसतो, कारण ते नियम दाखवतात. अपवाद मॅनेजर मागतो, एचआर तो नोंदवतं. मॅनेजरना काळजी होती की नवा माणूस लांब बसून टीममध्ये मिसळणार कसा. म्हणून पहिले तीन महिने महिन्याला दोन आठवडे पुण्यात राहीन आणि त्यानंतर एकच, असं मीच सुचवलं. ते त्यांना पटलं. प्रवास आणि राहण्याचा खर्च माझा. एका आठवड्याच्या फेरीला बसभाडं, राहणं, जेवण मिळून १२ हजार धरले, म्हणजे वर्षाला सुमारे दीड लाख, आणि पहिल्या तीन महिन्यांच्या जादा फेऱ्यांचे ३६ हजार. ठरलेल्या पगारातली वाढ २ लाख ९० हजार होती, त्यामुळे गणित बसलं. वाढ १ लाख १० हजारच राहिली असती तर बसलं नसतं. म्हणूनच या मागण्या सुट्या सुट्या पाहू नयेत. घरून कामाचे दिवस कमी मिळाले तर पगाराचा आकडा वर न्यावा लागतो, आणि पगार अडला तर जास्त दिवस मागता येतात.

फोनवर ठरलेलं सगळं सुधारित ऑफर लेटरमध्ये आलं की नाही, हे ओळ न् ओळ वाचा. माझ्या पहिल्या सुधारित पत्रात पगार बरोबर होता, पण कामाच्या ठिकाणापुढे 'कंपनीच्या धोरणानुसार' एवढंच होतं. हे शब्द दिसले की समजायचं, तुम्हाला लेखी काहीच मिळालेलं नाही. मी महिन्याला किती दिवस आणि कधीपासून, हे लिहून मागितलं. शिवाय यात बदल करायचा झाल्यास ६० दिवस आधी कळवावं अशी ओळ घालून घेतली. धोरण बदलायचा अधिकार कंपनी सोडत नाही, त्यामुळे ही सवलत कायमची समजू नये. पण दोन महिने हातात असले की घर शोधायला किंवा दुसरी नोकरी पाहायला वेळ मिळतो. हे दुरुस्त पत्र आल्यावरच मी जुन्या ठिकाणी राजीनामा दिला.

आता मंडळातल्या ज्या मुलामुलींची कॅम्पसमधून निवड होते आहे त्यांच्यासाठी. तिथे शंभर जणांना एकच पॅकेज असतं, त्यामुळे पगार वाढवून मिळायची शक्यता जवळजवळ नसते. तिथे सीटीसीची फोड, बाँड आहे का, पोस्टिंगचं शहर आणि रुजू होण्याची तारीख विचारा. परीक्षेमुळे तारीख पुढे हवी असेल तर ती मागता येते. अनुभवी उमेदवारांनी दुसरी ऑफर हातात असेल तर जरूर सांगावी, पण नसलेली सांगू नये. एचआर सरळ ते पत्र पाठवा म्हणतं आणि मग मागे फिरायला जागा राहत नाही.

बोलणी सुरू करायच्या आधी एक आकडा स्वतःपुरता लिहून ठेवा: ज्याच्या खाली आपण आहोत तिथेच राहू तो. माझा १५ लाख ९० हजारांचा होता, ठरलेल्या पगाराचा, महिन्यातल्या एका आठवड्याच्या पुण्याच्या फेरीसकट. तो घरी सगळ्यांना माहीत होता, कंपनीला मात्र कधीच सांगितला नाही.