साडी वाइन की जांभळी?

पिवळ्या बल्बखाली काढलेला जांभळ्या साडीचा फोटो एआय मॉडेलला दाखवला आणि रंग विचारला, तर उत्तर ‘वाइन’ असं येऊ शकतं. फोटोपुरतं ते बरोबरही असतं. चुकतं ते साडीच्या बाबतीत.

मॉडेलला साडी दिसत नाही, फोटोची फाइल मिळते. त्या फाइलमध्ये प्रत्येक ठिपक्यासाठी लाल, हिरवा आणि निळा यांचे 0 ते 255 मधले तीन आकडे असतात. समजा साडीच्या ठिपक्याचे आकडे 120, 60, 80 आले. हा सरळसरळ वाइन रंग. पण साडीशेजारी पांढरा कागद ठेवलेला असेल आणि त्याचे आकडे 240, 200, 150 असतील, तर बल्बच्या उजेडात निळा कमी पडलाय हे लगेच कळतं. कागदाचे तिन्ही आकडे 240 व्हावेत म्हणून हिरवा 1.2 पट आणि निळा 1.6 पट करायचा. तोच गुणाकार साडीला लावला की 120, 72, 128 येतात. हा जांभळा! हिशेब ढोबळ आहे, पण दिशा नेमकी दाखवतो. कागदाचा एखादा आकडा 255 ला जाऊन टेकला असेल, तर मात्र हा हिशेब फसतो, कारण त्यापुढचा उजेड फाइलमध्ये नोंदलाच गेलेला नसतो.

कागद नसेल तर उजेड कसला होता, हे मॉडेलला अंदाजानेच ठरवावं लागतं. माणसाचंही तसंच होतं. 2015 साली एका ड्रेसचा फोटो जगभर गाजला होता. कुणाला तो पांढरा-सोनेरी दिसला, कुणाला निळा-काळा. प्रत्यक्षात ड्रेस निळा-काळा होता. फोटोतले ठिपके मात्र फिकट निळसर आणि तपकिरी होते.

मॉडेल #784880 असा कोड देतं, तेव्हा तो मोजून काढलाय असं वाटतं. साधारणपणे तोही अंदाजच असतो. नेमका आकडा हवा असेल, तर फोटो एडिटरमधलं रंग उचलायचं ड्रॉपर वापरावं, आणि एकाच ठिपक्यावर न थांबता घडी, सावली आणि जरीची चमक टाळून कापडावर चार-पाच जागी टेकवून बघावं.

आता स्क्रीन. रात्री फोनचा ‘नाइट मोड’ चालू झाला, की स्क्रीन निळा प्रकाश कमी करते आणि जांभळी साडी आपल्याला तपकिरीकडे झुकलेली दिसते. फाइलमधले आकडे तेच राहतात, त्यामुळे मॉडेल जांभळा म्हणतं आणि आपल्याला ते चुकलंसं वाटतं. ‘व्हिव्हिड’ सेटिंगवर उलट होतं, फिका रंगही भडक दिसतो. म्हणून मॉडेलला दोष देण्याआधी नाइट मोड बंद करून रंग ‘नॅचरल’वर ठेवावा. ऑनलाइन साडी घेताना तर विक्रेत्याकडे खिडकीपाशी, दिवसाउजेडी, शेजारी पांढरा कागद ठेवून काढलेला फोटो हक्काने मागावा, आणि मॉडेलला विचारताना ‘हा कागद पांढरा आहे’ हे आधी सांगावं.