पुढे चाल, अर्धवट सामना आणि सट्ट्याचे वेगवेगळे हिशेब

मागच्या लेखांकात टायब्रेकमुळे गेमची संख्या कशी बदलते ते पाहिलं. या वेळी प्रश्न आहे तो सामना संपतच नाही तेव्हाचा. त्यातही दोन प्रकार आहेत आणि मराठी क्रीडापानांनी त्यांना फार पूर्वीपासून वेगळी नावं दिली आहेत. पहिला गुण खेळला जाण्याआधीच एकाने अंग काढून घेतलं, तर दुसऱ्याला ‘पुढे चाल’ मिळते. खेळ सुरू झाल्यावर कुणी थांबलं, तर त्याने ‘सामना अर्धवट सोडला’ असं आपण म्हणतो. स्पर्धेच्या तक्त्यात दोन्ही वेळा समोरच्याचंच नाव पुढच्या फेरीत जातं. पण अर्धवट सोडलेला सामना जय-पराजयाच्या अधिकृत नोंदीत धरला जातो आणि पुढे चाल धरली जात नाही, कारण त्या दिवशी सामना झालेलाच नसतो. सट्ट्याचा सगळा हिशेब याच फरकातून फुटतो. हे सांगताना एक गोष्ट आधीच नोंदवतो. टेनिसवर पैसे लावणं महाराष्ट्रात कायदेशीर नाही. १८८७चा जुगार प्रतिबंधक कायदा आहेच, आणि २०२५च्या केंद्रीय कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळही बंद केले. तरीही हे नियम समजून घ्यावेत, कारण टेनिसमधल्या गैरव्यवहाराच्या बातम्या त्यांच्याशिवाय कळत नाहीत.

जवळचं उदाहरण बालेवाडीचं आहे. जानेवारी २०२३ मध्ये महाराष्ट्र ओपन स्पर्धेत अग्रमानांकित मारिन चिलिचने उपांत्यपूर्व फेरीआधी गुडघ्याच्या दुखापतीमुळे माघार घेतली. नेदरलँड्सच्या टॅलन ग्रीकस्पूरला पुढे चाल मिळाली आणि पुढे त्याने अंतिम फेरीत बेंजामिन बाँझीला हरवून विजेतेपदही मिळवलं. त्या न झालेल्या सामन्यावर जगात कुठेही लागलेले पैसे कसे मिटतील? विजेता कोण, कोण किती सेट जिंकेल, एकूण गेम किती होतील, हे सगळे डाव रद्द होतात आणि लावलेली रक्कम परत मिळते. मात्र ‘स्पर्धा कोण जिंकेल’ यावरचा डाव उभाच राहतो. त्यामुळे चिलिच विजेता होईल म्हणून पैसे लावणारा, चिलिच त्या आठवड्यात एकही सामना न हरता, हरला. हे अन्यायाचं वाटतं, पण डावात विचारलेला प्रश्न पाहिला की कोडं सुटतं. एका डावाने विचारलं होतं, ‘या दोघांत कोण जिंकेल?’ आणि ते दोघं खेळलेच नाहीत. दुसऱ्याने विचारलं होतं, ‘करंडक कोण नेईल?’ त्याचं उत्तर अंतिम सामन्याने दिलंच.

माझा मुद्दा हाच आहे. सामना अर्धवट राहिला की एकच घटना घडते, पण प्रत्येक डावाने तिला वेगळा प्रश्न विचारलेला असतो. ३ जून २०२२ची फ्रेंच ओपनची उपांत्य लढत घ्या. पहिला सेट राफाएल नदालने ७-६ असा घेतला होता, दुसऱ्यात ६-६ अशी बरोबरी होती, आणि तेवढ्यात अलेक्झांडर झ्वेरेवचा घोटा मुरगळला. नदाल अंतिम फेरीत गेला. ‘विजेता कोण’ या डावाला इतकं उत्तर पुरतं का, हे नियमावलीवर ठरतं आणि नियमावल्या ढोबळमानाने तीन जातींच्या आहेत. काही ठिकाणी एक गुण खेळला गेला तरी पुरे, काही ठिकाणी पहिला सेट पूर्ण व्हावा लागतो, तर काही ठिकाणी सामनाच पूर्ण व्हावा लागतो. पहिल्या दोन पद्धतींत नदालवाल्यांना पैसे मिळतात, तिसरीत सगळ्यांची रक्कम परत. २०२१च्या विम्बल्डनमध्ये सेरेना विल्यम्स पहिल्याच सेटमध्ये ३-३ वर थांबली, तेव्हा पहिल्या दोन पद्धतींतही फाटा फुटतो. एक गुण पुरेसा मानणारे तिची प्रतिस्पर्धी सास्नोविच हिला विजयी धरून पैसे देतात, सेट मागणारे सगळं रद्द करतात.

सेट आणि गेमचे डाव मात्र पुढे कोण गेलं हे विचारतच नाहीत. त्यांना पूर्ण धावफलक हवा असतो आणि तोच नसतो. तिथे बहुतेक नियमावल्यांचा आधार एकच: सामना पुढे कसाही चालला असता तरी उत्तर बदललं नसतं, असं असेल तरच डाव मिटवायचा, नाहीतर रद्द. नदाल-झ्वेरेव लढतीत तोपर्यंत २५ गेम झाले होते. टायब्रेकचा एक गेम होणारच होता, म्हणजे २६. तो नदालने जिंकला असता, तरी तिसरा सेट किमान सहा गेमचा. म्हणजे ३२ पेक्षा कमी गेममध्ये तो सामना संपूच शकत नव्हता. म्हणून ‘३१.५ पेक्षा जास्त गेम’ म्हणणारा जिंकला, ‘कमी’ म्हणणारा हरला. पण रेषा ३८.५ वर असेल तर दोघांनाही रक्कम परत. ‘पहिला सेट नदालचा’ हा डाव तर केव्हाच मिटलेला होता. ‘नदाल ३-० ने’ हा डाव रद्द, कारण उरलेले दोन सेट पूर्ण झालेच नाहीत.

यावर पहिला आक्षेप असा येतो की फलकावर आकडा दिसतोय, तर २५ हाच एकूण आकडा का धरू नये? कारण मग प्रत्येक दुखापत ‘कमी गेम’वाल्याचं बक्षीस ठरेल, आणि मुरगळलेला घोटा म्हणजे कुणाचा अंदाज बरोबर आल्याचा पुरावा नव्हे. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. हा नियम वरकरणी समतोल दिसतो, पण तसा नाही. गेम वाढतच जातात, कमी होत नाहीत. म्हणून ‘जास्त’चा डाव सामन्याच्या मध्येच पक्का होऊ शकतो, ‘कमी’चा जवळजवळ कधीच नाही. तीन सेटच्या सामन्यात ६-०, ५-० अशा फलकावर कुणी थांबलं, तर कमी गेमचा डाव लावणारा विजयापासून एका गेमवर असतो. तरी त्याला फक्त मुद्दल मिळतं, कारण तिथून सामना फिरण्याची शक्यता कागदावर उरतेच. हा आक्षेप मला मान्य आहे. पण ‘जवळपास नक्की’ म्हणजे किती नक्की, हे ठरवायला कुणाला तरी बसवण्यापेक्षा हा तिरका नियम परवडतो. निदान दोन माणसांनी स्वतंत्रपणे हिशेब केला तरी उत्तर एकच येतं.

‘विजेता कोण’च्या उंबरठ्याबद्दल मात्र असं समाधान मिळत नाही. एक सेटच का, हे कुठल्याही गणितातून निघत नाही. तो निव्वळ सोयीचा आकडा आहे आणि सोयीला किंमत असते. ऑगस्ट २००७ मध्ये पोलंडमधल्या सोपोटला निकोलाय दाविदेंकोने मार्टिन वासालो अर्ग्वेलोविरुद्ध पहिला सेट ६-२ असा जिंकला, दुसरा ३-६ असा गमावला आणि तिसऱ्यात दुखऱ्या पायामुळे खेळ थांबवला. दाविदेंको आघाडीवर असतानाही पैसा अर्ग्वेलोवर ओतला जात होता. बेटफेअर या सट्ट्याच्या संकेतस्थळाने त्या सामन्यावरचे सगळे डाव रद्द केले. दीर्घ चौकशीअंती, २००८ मध्ये दाविदेंको निर्दोष ठरला, हे इथे स्पष्ट म्हटलंच पाहिजे. पण प्रश्न खेळाडूपुरता नाही. पाय दुखतोय हे डॉक्टरला, प्रशिक्षकाला, हॉटेलातल्या शेजाऱ्यालाही कळू शकतं. एक सेट पूर्ण झाला की पैसे मिळतात असा नियम असेल, तर ही खबर विकाऊ होते. पूर्ण सामन्याची अट असेल, तर तो खेळाडू मध्येच थांबल्यावर खबरीचं मोल शून्य होतं, कारण सगळ्यांना रक्कम परत मिळते.

मग पूर्ण सामन्याचीच अट सगळीकडे का नाही? कारण तिचाही फटका प्रामाणिक माणसाला बसतो. त्याच २०२१च्या विम्बल्डनमध्ये आद्रियाँ मानारिनो फेडररविरुद्ध दोन-दोन सेटच्या बरोबरीवर, चार सेट खेळून, थांबला. त्या अटीखाली फेडररवाल्याच्या हाती फक्त मुद्दल. गंमत म्हणजे ‘सामना पाचव्या सेटमध्ये जाईल’ हा डाव चौथा सेट संपताच गणिताने पक्का झाला होता, आणि तो पाचवा सेट कुणीच खेळला नाही.