चेंगलपट्टूचा भार किती?

बीसीजी लस क्षयरोगापासून किती वाचवते? या साध्या प्रश्नाला विसाव्या शतकात वेगवेगळ्या देशांतून वेगवेगळी उत्तरं आली. ब्रिटनमधल्या चाचणीत लस घेतलेल्यांमध्ये क्षयाचं प्रमाण जवळपास एक चतुर्थांशावर आलं. तमिळनाडूतल्या चेंगलपट्टू जिल्ह्यात १९६८ साली सुरू झालेल्या अवाढव्य चाचणीत मात्र लस घेतलेले आणि न घेतलेले यांच्यात फरकच दिसेना. १९९४ मध्ये हार्वर्डच्या ग्रॅहॅम कोल्डिट्झ आणि सहकाऱ्यांनी असे अभ्यास एकत्र करून मेटा-अॅनालिसिस प्रसिद्ध केलं. त्यातल्या १३ चाचण्यांची आकडेवारी आज संख्याशास्त्राच्या वर्गांत उदाहरण म्हणून वापरली जाते. या चाचण्या एका तक्त्यात कशा मांडतात हे पाहिलं, की शेवटचा एक आकडा कुठून येतो आणि त्यावर किती विसंबावं, हे दोन्ही कळतं.

सुरुवात एका ओळीपासून करू. कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतात मूळ रहिवाशांच्या बाळांवर झालेल्या चाचणीत लस दिलेल्या ३०६ बाळांपैकी ६ जणांना क्षय झाला, लस न दिलेल्या ३०३ पैकी २९ जणांना. म्हणजे एका गटात जोखीम सुमारे २ टक्के, दुसऱ्यात साडेनऊ टक्के. पहिलीला दुसरीने भागलं की ०.२० येतं. हा रिस्क रेशो. १ आला तर लसीने फरक पडला नाही, १ पेक्षा जितका कमी तितका फायदा जास्त.

पण केवळ ३५ रुग्णांवर आधारलेला हा आकडा योगायोगाने थोडा इकडेतिकडे झालेला असू शकतो. म्हणून त्याच्या शेजारी ९५ टक्क्यांची विश्वास-मर्यादा लिहितात. इथे ती ०.०९ ते ०.४९ आहे. हा हिशेब रिस्क रेशोच्या लॉगॅरिथमवर करतात आणि शेवटी उत्तर पुन्हा साध्या आकड्यात आणतात. त्यामुळे ०.२० हा आकडा मर्यादांच्या बरोबर मध्यावर दिसत नाही, खालच्या टोकाकडे सरकलेला दिसतो. ती छपाईची चूक नव्हे.

अशाच सहा चाचण्या खाली मांडल्या आहेत. क्रम विषुववृत्तापासूनच्या अंतराचा आहे, सर्वांत दूरची चाचणी वर.

| चाचणी | लस घेतलेले: रुग्ण/एकूण | न घेतलेले: रुग्ण/एकूण | रिस्क रेशो (विश्वास-मर्यादा) | भार अ (%) | भार ब (%) |
|---|---|---|---|---|---|
| सस्कॅचेवान, १९४९ | ६/३०६ | २९/३०३ | ०.२० (०.०९–०.४९) | ०.८ | ६.४ |
| ब्रिटन, १९७७ | ६२/१३,५९८ | २४८/१२,८६७ | ०.२४ (०.१८–०.३१) | ८.२ | ९.७ |
| अमेरिका, १९५३ | १८०/१,५४१ | ३७२/१,४५१ | ०.४६ (०.३९–०.५४) | २३.८ | १०.१ |
| प्वेर्तो रिको, १९७४ | १८६/५०,६३४ | १४१/२७,३३८ | ०.७१ (०.५७–०.८९) | १३.२ | ९.९ |
| मदनपल्ली, १९७३ | ३३/५,०६९ | ४७/५,८०८ | ०.८० (०.५२–१.२५) | ३.२ | ८.९ |
| चेंगलपट्टू, १९८० | ५०५/८८,३९१ | ४९९/८८,३९१ | १.०१ (०.८९–१.१४) | ४१.४ | १०.२ |

(वर्षं निष्कर्ष प्रसिद्ध झाल्याची. भार सर्व १३ चाचण्या धरून काढलेले, म्हणून इथल्या सहांची बेरीज १०० होत नाही.)

आता शेवटचे दोन रकाने. एकत्रित आकडा काढताना कोणत्या चाचणीचं मत किती धरायचं, ते भार ठरवतो. जिथे माणसं जास्त तिथे भार जास्त, असं आपल्याला वाटतं. अमेरिकेच्या ओळीकडे पाहा. त्या चाचणीत तीन हजारांहून कमी लोक होते, तरी 'अ' रकान्यात तिला जवळपास २४ टक्के भार आहे. प्वेर्तो रिकोत सुमारे ७८ हजार लोक होते, पण भार १३ टक्के. याचं कारण, विश्वास-मर्यादा किती अरुंद होईल हे मुख्यतः रुग्णांच्या संख्येवर ठरतं. अमेरिकेच्या चाचणीत ५५२ रुग्ण सापडले, प्वेर्तो रिकोत ३२७. मर्यादा जितकी अरुंद, तितका भार मोठा. म्हणूनच तक्त्यात फक्त एकूण माणसं लिहून भागत नाही, रुग्णांचा आकडाही दिसायला हवा.

'अ' रकान्यामागे एक गृहीतक आहे: लसीचा खरा परिणाम सगळीकडे एकच आहे, दिसणारा फरक निव्वळ योगायोगाचा. याला फिक्स्ड इफेक्ट म्हणतात. या हिशेबात एकटं चेंगलपट्टू ४१ टक्के बोलतं आणि १३ चाचण्यांचा एकत्रित रिस्क रेशो ०.६५ (०.६० ते ०.७०) येतो. 'ब' रकान्यात, म्हणजे रँडम इफेक्ट्स पद्धतीत, परिणामच ठिकाणागणिक वेगळा असू शकतो असं मानतात. हा ठिकाणाठिकाणांतला फरक प्रत्येक चाचणीच्या अनिश्चिततेत मिळवला जातो. इथे तो इतका मोठा आहे, की चेंगलपट्टूची अचूकता त्यापुढे झाकोळते आणि बहुतेक मोठ्या चाचण्या दहा टक्क्यांच्या आसपास येतात. एकत्रित आकडा होतो ०.४९ (०.३४ ते ०.७०).

आकडेवारी तीच, पण एका पद्धतीने जोखीम ३५ टक्क्यांनी घटते, दुसरीने ५१ टक्क्यांनी. म्हणून कुठली पद्धत वापरली हे भाराच्या रकान्याच्या डोक्यावर लिहिलेलं नसेल, तर वाचकाला शेवटच्या ओळीचा अर्थ लावता येत नाही. इथे 'अ'चं गृहीतक टिकत नाही, हे तक्ताच सांगतो. ब्रिटनची मर्यादा ०.३१ ला संपते आणि चेंगलपट्टूची ०.८९ ला सुरू होते. एकच सत्य दोन्हींत बसत नाही.

असा तक्ता भरताना नेहमीच्या चुका दोन. पहिली दिशेची: एखाद्या ओळीत लस न घेतलेले वर आणि घेतलेले खाली धरले, तर सस्कॅचेवानचं ०.२० चक्क ४.९ होतं आणि लसच घातक ठरते. दुसरी चूक जास्त फसवी आहे. काही शोधनिबंध रिस्क रेशोऐवजी ऑड्स रेशो देतात. रोग विरळ असेल तर दोन्ही जवळपास सारखे असतात, पण अमेरिकेच्या चाचणीत लस न घेतलेल्या चारांपैकी एकाला रोग झाला होता. तिथे रिस्क रेशो ०.४६, तर ऑड्स रेशो ०.३८. एकाच रकान्यात दोन्ही मिसळले, की काही चाचण्यांचा परिणाम आहे त्याहून मोठा दिसतो.

टंकलेखनाची चूक पकडायला सोपी चाचणी आहे. मर्यादेच्या दोन्ही टोकांचा गुणाकार मधल्या आकड्याच्या वर्गाइतका यायला हवा. मदनपल्लीचं ०.५२ गुणिले १.२५ म्हणजे ०.६५, आणि ०.८० चा वर्ग ०.६४. पूर्णांकनामुळे एवढा फरक चालतो, याहून फार मोठा दिसला तर मूळ निबंध पुन्हा उघडावा.

आता ओळींचा क्रम. चाचण्या वर्णानुक्रमे लावल्या असत्या तर काहीच दिसलं नसतं. अक्षांशाने लावल्यावर विषुववृत्ताकडे येताना रिस्क रेशो वाढत जाताना दिसतो. उष्ण प्रदेशात क्षयाच्या जीवाणूचे भाईबंद मातीपाण्यात आधीच भेटलेले असतात, त्यामुळे लसीचा जादा फायदा झाकला जातो, असं त्याचं एक स्पष्टीकरण दिलं जातं. मात्र मी निवडलेल्या सहा ओळींत चित्र जरा जास्तच नेटकं दिसतं. १३ चाचण्यांत हैतीचीही आहे. ती १९ अक्षांशावर, आणि तिचा रिस्क रेशो ०.२०. अक्षांश बराचसा फरक समजावतो, सगळा नाही. पूर्ण तक्ता छापायचा तो एवढ्यासाठी.

एकत्रित आकड्याखाली आणखी एक ओळ असावी, ती म्हणजे नव्या ठिकाणी परिणाम कुठे पडू शकेल याची मर्यादा. ०.४९ ची स्वतःची मर्यादा ०.३४ ते ०.७० आहे, पण ती फक्त सरासरीची. या १३ चाचण्यांवरून नव्या ठिकाणासाठीची मर्यादा येते साधारण ०.१५ ते १.५५. तिच्यात सस्कॅचेवानही बसतं आणि चेंगलपट्टूही. ही ओळ गाळली, की 'लस जोखीम निम्मी करते' हे वाक्य सगळ्या गावांना लागू असल्यासारखं वाचलं जातं. चेंगलपट्टूच्या १,७६,७८२ लोकांच्या बाबतीत ते खरं ठरलं नव्हतं.