पैलतीराचा घाट गाठायचा, तर होडीचे तोंड कुठे धरावे?

वाहत्या नदीतल्या होडीला एकाच वेळी दोन वेग असतात. वल्ह्यांनी किंवा इंजिनाने मिळणारा वेग तिला ती तोंड करून असेल त्या दिशेने नेतो. पाण्याचा वेग तिला प्रवाहाबरोबर खाली ओढतो. काठावर उभ्या असलेल्या माणसाला दिसते ती होडीची खरी चाल, म्हणजे या दोन्ही वेगांची बेरीज. मात्र ही बेरीज साध्या आकड्यांची नसते. वेगाला मापाबरोबर दिशाही असते, म्हणून तो बाणाने दाखवायचा. अशा राशीला सदिश म्हणतात. पहिल्या बाणाच्या टोकापासून दुसरा बाण काढला, की पहिल्याच्या सुरुवातीपासून दुसऱ्याच्या टोकापर्यंतची रेघ ही होडीची प्रत्यक्ष वाट असते.

समजा, नदीचे पात्र २४० मीटर रुंद आहे. संथ पाण्यात वल्ह्यांची होडी सेकंदाला १ मीटर जाते आणि पाणी सेकंदाला ०.६ मीटर वाहते आहे. पाण्याचा वेग काढायला फार काही लागत नाही. मध्यधारेत सोडलेली काटकी ३० सेकंदांत १८ मीटर गेली, की तो मिळाला. काठाजवळ हे मोजमाप करू नये, कारण तिथे पाणी संथ असते.

होडी ऐलतीरावरून निघते आणि तिचे तोंड बरोबर समोर, प्रवाहाला काटकोनात आहे. नदी ओलांडायला तिला २४० सेकंद, म्हणजे ४ मिनिटे लागतील. प्रवाह कितीही असला तरी ही वेळ बदलत नाही, कारण पाण्याची ओढ खाली असते, ती होडीला पैलतीराकडे ढकलत नाही आणि मागेही खेचत नाही. पण त्या ४ मिनिटांत पाणी होडीला १४४ मीटर खाली नेते. पार होण्याचा हा सर्वांत जलद मार्ग खरा, पण उतारूंना समोरच्या घाटावर उतरायचे असेल तर तो उपयोगाचा नाही.

सरळ समोर जायचे, तर होडीच्या वेगाचा काही भाग प्रवाहाला तोडण्यात खर्च करावा लागतो. त्यासाठी होडीचे तोंड प्रवाहाच्या वरच्या अंगाला इतके वळवायचे, की तिच्या वेगाचा वरच्या दिशेचा भाग पाण्याच्या वेगाएवढाच होईल. इथे १ मीटरमधले ०.६ मीटर वरच्या दिशेला हवेत. हा काटकोन त्रिकोण आहे: कर्ण १, एक बाजू ०.६ आणि म्हणून उरलेली बाजू ०.८. काटकोनी रेषेपासून वळणाचा कोन जवळपास ३७ अंश येतो. होडी आता तिरपी दिसते, पण सरळ सरकते. पैलतीराकडे जाण्याचा तिचा वेग मात्र ०.८ मीटरच उरतो, त्यामुळे पार व्हायला ३०० सेकंद, म्हणजे ५ मिनिटे लागतात. सरळ वाटेची किंमत इथे १ मिनिट आहे.

नवख्या माणसाची चूक याच ठिकाणी होते. घाटावर पोहोचायचे म्हणून तो होडीचे तोंड सतत घाटाकडेच धरतो. हे स्वाभाविक वाटते, पण मार्ग वाकडा होतो. सुरुवातीला तोंड सरळ समोर असल्याने होडी खाली घसरते. मग घाट वरच्या अंगाला दिसू लागतो, म्हणून तोंड थोडे वळवले जाते. तोवर ती आणखी घसरलेली असते. याच आकड्यांनी गणित केले, तर पैलतीर सुमारे ७६ मीटर दूर असताना होडी नेमाच्या रेषेपासून जवळपास ५७ मीटर खाली गेलेली असते. शेवटचा टप्पा काठाला जवळजवळ समांतर, थेट प्रवाहाविरुद्ध वल्हवावा लागतो आणि तिथे वेग सेकंदाला ०.४ मीटरवर येतो. एकूण वेळ ३७५ सेकंद, म्हणजे सव्वासहा मिनिटे लागते. घाटाकडे बघत वल्हवणारा उशिरा पोहोचतो आणि थकतोही जास्त. तोंड आधीपासून वर धरणारा ५ मिनिटांत उतरतो.

या हिशेबात पाणी सगळीकडे सारखेच वाहते असे गृहीत धरले आहे. खऱ्या नदीत मध्यधारा जोरात असते आणि दोन्ही काठांजवळ पाणी मंद असते. सरासरी वेग धरून एकच कोन शेवटपर्यंत ठेवला, तर होडी काठाजवळ जरा वर चढते, मध्यात खाली उतरते आणि पैलतीराजवळ पुन्हा वर येते. सरळ रेषेतच राहायचे असेल, तर मध्यधारेत कोन वाढवावा लागतो आणि काठाजवळ कमी करावा लागतो. हे कोन मोजून कोणी वल्हवत नाही. त्यासाठी पैलतीरावर एकामागे एक असलेल्या दोन खुणा निवडतात, उदाहरणार्थ घाटाची पायरी आणि तिच्या मागचे झाड. निघताना दोन्ही एका रेषेत दिसायला हव्यात. मागचे झाड पुढच्या पायरीच्या ज्या बाजूला सरकलेले दिसेल, त्या बाजूला होडी गेलेली असते. झाड खालच्या अंगाला दिसू लागले, तर तोंड आणखी वर वळवायचे. दोन्ही खुणा जुळत राहिल्या, की वाट सरळ आहे. एकच खूण धरली तर हे कळत नाही.

कोकणातल्या खाड्यांत प्रवाहाची दिशाच दिवसातून अनेकदा पालटते. वाशिष्ठीच्या खाडीत उत्तर काठावरच्या दाभोळहून दक्षिणेच्या धोपावेकडे जाताना समुद्र उजव्या हाताला असतो. भरतीचे पाणी उजवीकडून येते, म्हणून तोंड उजवीकडे, समुद्राच्या बाजूला वळवावे लागते. ओहोटीला नेमके उलट, डावीकडे. पालट साधारण सव्वासहा तासांनी होतो आणि त्या वेळी पाणी थोडा वेळ जवळपास थांबते. तेवढ्यापुरते तोंड सरळ धरले तरी चालते.

सरळ वाटेला मर्यादाही आहे. प्रवाह जसा वाढतो, तसा कोन वाढतो आणि पैलतीराकडे उरणारा वेग घटतो. आपल्या होडीसाठी पाणी सेकंदाला ०.९ मीटर झाले, तर तोंड ६४ अंश वळवावे लागते आणि पार व्हायला ९ मिनिटांहून अधिक लागतात. पाणी १ मीटरला पोहोचले, की होडीचा सगळा वेग नुसते जागेवर टिकण्यात जातो. त्यापुढे सरळ वाट कोणत्याही कोनात मिळत नाही. अशा वेळी फक्त घसरण कमी करता येते. पाणी सेकंदाला १.२५ मीटर असेल आणि तोंड ५३ अंश वर धरले, तर होडी १८० मीटर खाली लागते. तोंड सरळ धरले असते, तर ३०० मीटर खाली लागली असती. नेमक्या घाटावरच उतरायचे असेल, तर होडी आधी काठाकाठाने, जिथे पाणी मंद असते तिथून, तेवढे अंतर वर न्यावी लागते आणि मग सोडावी लागते. पावसाळी पुराच्या पाण्यात तेही करू नये, कारण पुरात प्रवाहाचा वेग मोजल्यासारखा राहत नाही आणि वाहत येणाऱ्या ओंडक्यांना चुकवायला होडीकडे वेग शिल्लक नसतो.