एसजीपीटीच्या नळीतली दोन एन्झाइमं

यकृताच्या तपासणीचा रिपोर्ट हातात आला की बहुतेकांची नजर आधी एसजीपीटीच्या आकड्यावर जाते. तो आकडा काढताना प्रयोगशाळेतल्या नळीत एक नाही, दोन एन्झाइमं राबत असतात. एक रुग्णाच्या रक्तातलं, म्हणजे एसजीपीटी स्वतः. दुसरं लॅक्टेट डिहायड्रोजनेज, थोडक्यात एलडीएच. ते तपासणीच्या द्रावणात बाहेरून घातलेलं असतं. दोघांनाही कामासाठी दोन-दोन रेणू लागतात, पण ते हाताळायची दोघांची रीत अगदी निराळी आहे.

एसजीपीटी अलॅनिन या अमिनो आम्लावरचा अमिनो गट काढून किटोग्लुटारेटला देतं. अलॅनिनचं पायरुव्हेट होतं आणि किटोग्लुटारेटचं ग्लुटामेट. गंमत अशी, की हे दोन रेणू एकमेकांना कधी भेटतच नाहीत. एन्झाइमच्या खोबणीत ब जीवनसत्त्वाच्या सहाव्या प्रकारापासून बनलेला पायरिडॉक्सल फॉस्फेट नावाचा मदतनीस रेणू असतो. अलॅनिन येतं, आपला अमिनो गट त्याच्या हवाली करतं आणि पायरुव्हेट होऊन निघून जातं. मग त्याच खोबणीत किटोग्लुटारेट येतं, ठेवलेला गट उचलतं आणि ग्लुटामेट होऊन बाहेर पडतं. एक आत, एक बाहेर, पुन्हा एक आत, एक बाहेर. टेबल टेनिसच्या चेंडूसारख्या या ये-जा करणाऱ्या पद्धतीला अमेरिकन जीवरसायनशास्त्रज्ञ डब्ल्यू. डब्ल्यू. क्लीलँड यांनी 1963 मध्ये ‘पिंग-पाँग’ म्हटलं, आणि तेच नाव रूढ झालं.

एलडीएच तयार झालेलं पायरुव्हेट पकडून त्याचं लॅक्टेट करतं. त्यासाठी त्याला एनएडीएच हा दुसरा रेणू लागतो. इथे आधी एनएडीएच बसतो, मग त्याच्या शेजारी पायरुव्हेट. दोघं एकाच वेळी आत असल्याशिवाय काही घडत नाही. काम झाल्यावर आधी लॅक्टेट सुटतं आणि शेवटी वापरलेला एनएडी. या पद्धतीला क्रमिक पद्धत म्हणतात. एनएडीएच 340 नॅनोमीटरचा प्रकाश शोषतो, एनएडी शोषत नाही. त्यामुळे यंत्र फक्त तो शोष किती वेगाने घटतो एवढं पाहतं. एक एनएडीएच गेला म्हणजे एक पायरुव्हेट तयार झालं होतं, हा हिशेब.

आत काय चाललंय हे डोळ्यांना दिसत नाही. मग कोणतं एन्झाइम कोणत्या पद्धतीचं, हे ओळखायचं कसं? इथे प्रारंभिक वेग कामी येतो. प्रारंभिक म्हणजे पहिल्या काही क्षणांतला, उत्पादन जवळजवळ साठलेलंच नसतानाचा वेग. एका रेणूचं प्रमाण ठरावीक ठेवायचं, दुसऱ्याचं बदलत जायचं आणि दर वेळी हा वेग मोजायचा. मग पहिल्याचं प्रमाण बदलून पुन्हा सगळं तसंच करायचं.

वेगाऐवजी त्याची व्यस्त संख्या घेतली की चित्र स्पष्ट होतं, कारण ती संख्या म्हणजे एका फेरीला लागणारा वेळ. समजायला सोपे, काल्पनिक आकडे घेऊ. पिंग-पाँग एन्झाइमला दोन्ही रेणू पुरेसे दिले तेव्हा एका फेरीला 3 सेकंद लागले. अलॅनिन निम्मं केलं, 4 सेकंद. आता किटोग्लुटारेट निम्मं ठेवून तोच खेळ पुन्हा केला: अलॅनिन पूर्ण असताना 4, निम्मं केल्यावर 5. म्हणजे अलॅनिन निम्मं केल्याचा दंड दोन्ही वेळा 1 सेकंदच. अलॅनिनच्या प्रमाणाची व्यस्त संख्या आडव्या अक्षावर आणि फेरीचा वेळ उभ्या अक्षावर मांडला, तर किटोग्लुटारेटच्या प्रत्येक प्रमाणासाठी एक रेषा मिळते. या सगळ्या रेषांचा चढ सारखाच, म्हणून त्या समांतर.

क्रमिक एन्झाइमचे आकडे वेगळे पडतात. सगळं पुरेसं असताना 4 सेकंद, एनएडीएच निम्मा केल्यावर 6. पायरुव्हेट निम्मं ठेवलं तर आधी 6 आणि एनएडीएचही निम्मा केल्यावर 9. एनएडीएच निम्मा केल्याचा दंड आधी 2 सेकंद होता, आता 3 झाला. दुसऱ्या रेषेचा चढ वाढला. दोन्ही रेषा मागे, उभ्या अक्षाच्या डावीकडे नेल्या, तर त्या एका बिंदूत छेदतात.

असं का व्हावं? हॉटेलात टेबल धरून मित्राची वाट पाहणारा माणूस आठवा. मित्र लवकर आला तर ठीक, नाहीतर तो कंटाळून उठून जातो आणि टेबल पुन्हा रिकामं. एनएडीएचचं तसंच आहे. पायरुव्हेट कमी असेल तर तो जास्त वेळा निष्फळ उठून जातो, आणि मग पुन्हा नवा एनएडीएच यायची वाट पाहावी लागते. एकाच्या टंचाईमुळे दुसऱ्याची टंचाई अधिक जाचते. एसजीपीटीत हे घडत नाही. अलॅनिनही कधीकधी काम न करता सुटतं, पण त्याचा किटोग्लुटारेटशी संबंध नसतो. पायरुव्हेट बाहेर पडलं की परतीचे दोर कापले गेले. त्यानंतर किटोग्लुटारेट येईपर्यंत एन्झाइम अमिनो गट धरून बसतं, कितीही वेळ. दोन प्रतीक्षा स्वतंत्र राहतात आणि त्यांची नुसती बेरीज होते.

पण हे दोर कापलेले राहायला हवेत. नळीत पायरुव्हेट साठू दिलं तर ते उलटं खोबणीत शिरून अमिनो गट परत घेतं आणि अलॅनिन होऊन निघतं. झालं, दोन प्रतीक्षा पुन्हा एकमेकींत गुंतल्या आणि समांतर रेषा छेदू लागल्या. प्रारंभिक वेगाचा आग्रह धरतात तो याचसाठी. या तपासणीत भरपूर एलडीएच घातलेलं असतं, ते पायरुव्हेट तयार होताच उचलतं. त्याचं मुख्य काम मोजणीसाठी खूण पुरवण्याचं, पण तेवढं करताना ते एसजीपीटीची पिंग-पाँग चालही शुद्ध ठेवतं. मला हा योगायोग फार आवडतो.

रेषा पाहून लगेच निकाल देणं मात्र धोक्याचं. क्रमिक एन्झाइममध्ये पहिला रेणू अतिशय घट्ट चिकटत असेल, तर तो क्वचितच उठून जातो आणि रेषा जवळजवळ समांतर दिसतात. मोजणीतल्या बारीक चुकांत तो थोडासा कल हरवून जातो. अशा वेळी दोन्ही रेणूंची प्रमाणं खूप खाली नेऊन मोजावं लागतं, कारण चढातला फरक तिथेच उघडा पडतो. उलट पिंग-पाँगमध्ये एखादा रेणू फार झाला तर तो एन्झाइमच्या चुकीच्या रूपात जाऊन बसतो. किटोग्लुटारेट अमिनो गट नसलेल्या एन्झाइमलाच अडकलं, तर अलॅनिनला जागा उरत नाही. मग वेग वाढायचा सोडून घटतो आणि रेषांचा चढही बदलतो.

म्हणून समांतर रेषांवर न थांबता अर्धी अभिक्रिया वेगळी करून पाहतात. शुद्ध एन्झाइमला नुसतं अलॅनिन द्यायचं, किटोग्लुटारेट अजिबात नाही. क्रमिक एन्झाइम अशा वेळी ढिम्म बसेल. एसजीपीटी मात्र अमिनो गट उचलतं, आणि मदतनीस रेणूचं रूप पालटल्यामुळे त्याचा प्रकाशशोष बदलतो. जितके एन्झाइमचे रेणू, साधारण तितकंच पायरुव्हेट बाहेर पडतं आणि काम थांबतं. एलडीएचच्या बाबतीत छेदणाऱ्या रेषा ‘दोघं एकत्र आत असतात’ एवढंच सांगतात. आधी कोण बसतं, हे त्यांतून कळत नाही. ते ठरवायला नळीत मुद्दाम लॅक्टेट किंवा एनएडी घालून, कोणत्या रेणूचं प्रमाण वाढवल्यावर त्याचा अडथळा पूर्ण हटतो ते पाहावं लागतं. एनएडीचा अडथळा एनएडीएच भरपूर केला की हटतो, पायरुव्हेट वाढवून हटत नाही. म्हणजे रिकाम्या एन्झाइमवर हे दोघं एकाच जागेसाठी भांडतात.