बाटलीतल्या हवेचा हिशेब

तारापूर-कुरकुंभच्या एमआयडीसीत औषधाची पावडर बनते, तेव्हा ती बहुधा एखाद्या सॉल्व्हंटमधूनच स्फटिकरूपात निघते. कितीही वाळवली तरी थोडा सॉल्व्हंट स्फटिकांत अडकून राहतोच. टोल्युइन असेल तर आयसीएचची मर्यादा ८९० पीपीएम, म्हणजे ग्रॅममागे ८९० मायक्रोग्रॅम.

हा उरलेला अंश शोधायला पावडर थेट यंत्रात घालत नाहीत. २० मिलिलिटरच्या काचेच्या व्हायलमध्ये ती डीएमएसओत विरघळवतात, रबरी बुचावर ॲल्युमिनियमची टोपी आवळतात आणि व्हायल ओव्हनमध्ये तापवतात. टोल्युइन द्रवातून वरच्या हवेत येतं, काही परत द्रवात जातं, आणि एका क्षणी ही ये-जा बरोबरीत येते. मग फक्त हवा खेचून गॅस क्रोमॅटोग्राफमध्ये सोडतात.

ही बरोबरी कधी होते? अमेरिकी फार्माकोपियात ८० अंशांना ६० मिनिटं हा एक पर्याय दिलेला आहे, पण तो डोळे झाकून घ्यायचा नाही. एकाच पावडरच्या सारख्या भरलेल्या व्हायल १५, ३०, ४५ आणि ६० मिनिटं तापवून पीकचा एरिया पाहावा. आकडा वाढून एका पातळीवर थांबला, की पुरेसा वेळ मिळाला. थांबायचं नावच घेत नसेल, तर दोन शक्यता: पावडर नीट विरघळलेली नाही, किंवा उष्णतेनं रेणूच तुटतोय. मिथाइल एस्टर असलेल्या औषधातून असं मेथनॉल सुटू शकतं; ते पावडरीत नव्हतंच, ओव्हनमध्ये जन्मलं! अशा वेळी तापमान उतरवून पाहावं.

खरी गोम मात्र कॅलिब्रेशनमध्ये आहे. निव्वळ डीएमएसओत टोल्युइन घालून रेषा काढणं सोपं, पण विरघळलेली पावडर टोल्युइनला द्रवातच धरून ठेवू शकते. मग हवेत कमी येतं आणि उत्तरही कमी.

समजा, प्रत्येक व्हायलमध्ये २०० मिलिग्रॅम पावडर आहे आणि एरिया आला ६६५. निव्वळ डीएमएसओच्या रेषेवर मायक्रोग्रॅममागे ४.२ एरिया मिळतो. म्हणजे टोल्युइन १५८ मायक्रोग्रॅम, सुमारे ७९० पीपीएम. बॅच पास. आता त्याच पावडरच्या आणखी दोन व्हायलमध्ये १०० आणि २०० मायक्रोग्रॅम टोल्युइन मुद्दाम घातलं. एरिया आले १०१५ आणि १३६५. इथं मायक्रोग्रॅममागे वाढ फक्त ३.५. ६६५ ला ३.५ नं भागलं, की मूळचे १९० मायक्रोग्रॅम, म्हणजे ९५० पीपीएम. बॅच नापास.

याला स्टँडर्ड ॲडिशन म्हणतात. सगळ्या व्हायलमध्ये द्रव सारखाच हवा, कारण वरची हवा कमी-जास्त झाली तर हिशेब चुकतो. टोपी बोटानं फिरली, तर ती व्हायल बाद.

प्रत्येक बॅचला हा खटाटोप परवडत नाही. पद्धत ठरवतानाच दोन्ही रेषांचे उतार ताडून पाहावेत: जुळले तर साधी रेषा चालते, नाहीतर स्टँडर्ड ॲडिशनला पर्याय शोधत बसू नये.